केळी काटा-पावती प्रकल्प: ब्लॉकचेनची फी कमी-जास्त का होते, याच्या नोंदी

4 मे, रावेर

आज कामाची रीतसर सुरुवात झाली. आमच्या शेतकरी कंपनीच्या काट्यावर दिवसाला साधारण 60 गाड्यांची वजनं होतात. घडांचं वजन, दांड्याची घट आणि निव्वळ वजन असं सगळं पावतीवर असतं. महिन्याभराने हिशेब होतो तेव्हा कोणीतरी म्हणतंच की पावतीवरचा आकडा नंतर बदलला. आकडा बदलला नाही हे दाखवायला आमच्याकडे आमची वही सोडून काही नाही, आणि ती वही आमच्याच कपाटात असते. म्हणून प्रत्येक दिवसाच्या पावत्यांचा ठसा, म्हणजे पावत्यांवरून काढलेला आणि एक आकडा बदलला तरी पूर्ण बदलणारा छोटा कोड, इथेरियम या सार्वजनिक साखळीवर, म्हणजे नंतर कोणालाही बदलता न येणाऱ्या ब्लॉकचेनवर नोंदवायचा, असं संचालकांच्या बैठकीत ठरलं.

मी फीचा अंदाज मांडला तेव्हा आबांनी मला थांबवलं. मागच्या महिन्यात मी त्यांना एक नोंद साधारण 90 रुपयांना पडेल असं सांगितलं होतं. आज तोच आकडा मी "90 ते 900, कधी त्याहून जास्त" असा सांगितला. आबा म्हणाले, "बेटा, काम तेच आणि कागद तोच. मग भाव दहापट कसा होतो? आणि हा भाव ठरवतो कोण?"

माझ्याकडे वरवरचं उत्तर होतं, की गर्दी वाढली की फी वाढते. आबांना ते पटलं नाही आणि मलाही ते पुरेसं वाटलं नाही. गर्दी कोण मोजतं, कधी मोजतं आणि किती गर्दीला किती वाढ, हे कळल्याशिवाय वर्षाचं अंदाजपत्रक लिहिता येणार नाही. पुढचे काही दिवस हेच काम आहे.

6 मे, जळगाव

फीचे दोन भाग आधी वेगळे करून लिहिते, कारण माझा स्वतःचा घोळ इथेच होत होता.

पहिला भाग कामाचा. साखळीवर प्रत्येक क्रियेला ठरावीक गॅस लागतो; गॅस हे कामाचं माप. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नुसते पैसे पाठवायला 21,000 गॅस लागतो, मग पाठवा 100 रुपये किंवा 1 कोटी. रकमेचा इथे संबंधच येत नाही. काँट्रॅक्टच्या, म्हणजे साखळीवर ठेवलेल्या प्रोग्रामच्या, कायमच्या साठ्यात एक नवी 32 बाइटची नोंद ठेवायची तर त्यावर आणखी 22,100 गॅस. गर्दी असो वा नसो, हे आकडे तेच राहतात.

दुसरा भाग भावाचा, म्हणजे एका गॅसला किती ग्वेई द्यायचे. ईथर हे इथेरियमचं चलन, आणि एक ग्वेई म्हणजे एका ईथरचा शंभर कोटीवा भाग. वर-खाली होतो तो फक्त हा भाव. द्यायची फी म्हणजे गॅस गुणिले भाव.

हिशेबासाठी मी एक ईथर 2 लाख रुपये धरते आहे. बाजारात तो वेगळा असेल, पण पुढचे सगळे रुपयांतले आकडे या एकाच गृहीतावर आहेत.

प्रत्येक पावती साठ्यात वेगळी ठेवली तर एका पावतीला सुमारे 44,000 गॅस लागतो. 60 पावत्यांचा 26,40,000 गॅस. भाव 20 ग्वेई असेल तर दिवसाला 10,560 रुपये. हे परवडणारं नाही, चर्चाच संपली. त्याऐवजी 60 पावत्यांचा मर्कल ट्री बांधायचा, म्हणजे ठशांच्या जोड्या करत वर जायचं, शेवटी उरणारा एकच 32 बाइटचा ठसा, म्हणजे रूट, काढायचा आणि तो साठ्यात न ठेवता इव्हेंट, म्हणजे साखळीच्या लॉगमधली स्वस्त नोंद, म्हणून सोडायचा. त्याला साधारण 23,000 गॅस, म्हणजे त्याच भावाने 92 रुपये. कोणाला आपली पावती खरी आहे का हे तपासायचं असेल, तर आपण त्याला पावतीसोबत सहा ठसे द्यायचे. त्यावरून रूट परत काढता येतो.

गॅस कमी करणं आपल्या हातात होतं आणि ते झालं. भाव आपल्या हातात नाही. आता त्याच्याकडे.

9 मे

भाव ठरवणारा माणूस, कंपनी किंवा समिती कोणीच नाही. भाव एका सूत्राने ठरतो, आणि ते सूत्र फक्त एक गोष्ट बघतं: याच्या आधीचा ब्लॉक, म्हणजे साखळीवर एकत्र नोंदलेला व्यवहारांचा गठ्ठा, किती भरला होता.

ही पद्धत 5 ऑगस्ट 2021 पासून आहे. त्या दिवशी इथेरियमवर 'लंडन' नावाचा बदल लागू झाला आणि त्यात EIP-1559 हा प्रस्ताव होता. त्याआधी नुसती आंधळी बोली चालायची. ब्लॉकमध्ये जागा थोडी, ज्याची बोली मोठी तो आत. पण दुसऱ्याने किती लावली हे नक्की कळत नसल्याने माणूस घाबरून भरमसाट लावायचा, आणि लावलेलं सगळं त्याच्याकडून जायचं.

आता प्रत्येक ब्लॉकला एक बेस फी असते. ती सगळ्यांना सारखी, आधीच जाहीर झालेली. तेवढी द्यायची तयारी नसेल तर तुमचा व्यवहार त्या ब्लॉकमध्ये बसूच शकत नाही. शिवाय ब्लॉक तयार करणाऱ्याला थोडी टिप द्यायची असते. आपल्याकडे केळीचा बोर्डाचा भाव निघतो आणि माल बघून त्यावर वरचे पैसे ठरतात, साधारण त्या चालीचं हे आहे.

ब्लॉकच्या दोन मापांकडे लक्ष द्यायला हवं. एक कमाल मर्यादा आणि दुसरं लक्ष्य, जे मर्यादेच्या बरोबर निम्मं असतं. लंडन बदलाच्या वेळी मर्यादा 3 कोटी गॅस होती आणि लक्ष्य दीड कोटी. ब्लॉक बनवणाऱ्या आणि तपासणाऱ्या व्हॅलिडेटरांच्या मताने मर्यादा वाढत 2025 च्या अखेरीस 6 कोटींवर गेली, पण लक्ष्य निम्मंच राहिलं. मी माझ्या सगळ्या हिशेबात जुनी 3 कोटींचीच मर्यादा धरते, आकडे सोपे पडतात.

ब्लॉक बरोबर लक्ष्याइतका भरला तर पुढच्या ब्लॉकची बेस फी तीच राहते. पूर्ण भरला तर एक अष्टमांश, म्हणजे 12.5 टक्के वाढते. रिकामा गेला तर 12.5 टक्के उतरते. मधल्या स्थितीत त्याच प्रमाणात.

```python
def next_base(base, used, limit):
    target = limit // 2
    if used == target:
        return base
    diff = abs(used - target)
    delta = base * diff // target // 8
    if used > target:
        return base + max(delta, 1)
    return base - delta
```

इतकंच आहे. जगभरातली सगळी गर्दी या एका `used` आकड्यातून आत येते. बाहेर किती व्यवहार ताटकळत आहेत, ईथरचा भाव काय चाललाय, बातमी काय आहे, यातलं सूत्राला काहीच दिसत नाही. रांगेत दहा जण असोत की दहा लाख, ब्लॉक भरला तर वाढ 12.5 टक्केच.

एक वही-हिशेब करून पाहिला. एक ब्लॉक पूर्ण भरला आणि लगेचचा रिकामा गेला, तर भाव जागेवर येत नाही. 1.125 गुणिले 0.875 म्हणजे 0.984. दीड टक्का खालीच राहतो. हा छोटा आकडा पुढे उपयोगी पडला.

10 मे

सूत्र खऱ्या साखळीवर ताडून पाहायला नोडकडून, म्हणजे साखळीची प्रत ठेवणाऱ्या संगणकाकडून, `eth_feeHistory` या आज्ञेने शेवटच्या 100 ब्लॉकचे आकडे घेतले. एकही ओळ जुळेना. दुपारचे तीन तास यात गेले, बाहेर ऊन असं की पंख्याची हवाही गरम.

चुका दोन निघाल्या आणि दोन्ही माझ्या. पहिली, त्यातला `gasUsedRatio` हा मर्यादेच्या प्रमाणात असतो, लक्ष्याच्या नाही. म्हणजे 0.5 आला तर ब्लॉक बरोबर लक्ष्यावर आहे आणि बेस फी हलायला नको. मी 0.5 म्हणजे "निम्माच भरला, भाव उतरणार" असं धरत होते. दुसरी, 100 ब्लॉक मागितले तर `baseFeePerGas` चे आकडे 101 येतात. शेवटचा आकडा अजून न झालेल्या ब्लॉकचा असतो. तो मी मोजला नव्हता, त्यामुळे सगळी जोडी एका घराने सरकली होती.

दोन्ही सुधारल्यावर सगळे ब्लॉक जुळले. त्या 101 व्या आकड्याचं महत्त्व नंतर लक्षात आलं. पुढच्या ब्लॉकचा भाव हा अंदाज नसतो. तो आधीचा ब्लॉक बंद होताक्षणी पक्का झालेला असतो. अंदाज लावायचा तो त्याच्या पुढच्या ब्लॉकांचा.

13 मे

आज गर्दी चढताना काय होतं ते चालवून पाहिलं. सुरुवात 20 ग्वेईने. सगळे ब्लॉक पूर्ण भरलेले.

20 वरून 22.5, मग 25.3, 28.5, 32.0, 36.0 आणि सहाव्या भरलेल्या ब्लॉकनंतर 40.5. म्हणजे सहा ब्लॉकमध्ये दुप्पट. सप्टेंबर 2022 पासून इथेरियमवर ब्लॉकची जागा दर 12 सेकंदांनी येते, म्हणजे दुपटीला 72 सेकंद. वीस भरलेल्या ब्लॉकनंतर भाव 210.9 ग्वेई झाला. चार मिनिटांत दहापटीहून जास्त. आमची 92 रुपयांची नोंद या ठिकाणी 970 रुपयांची होते. आबांना सांगितलेले 90 आणि 900 हे आकडे एकाच संध्याकाळचे असू शकतात, एका चहाच्या अंतरावरचे.

रात्री घरी आईला हे सांगत होते तेव्हा तिला वादळाचा इशारा आठवला. मे-जूनमध्ये वादळाचा अंदाज आला की तालुक्यातल्या प्रत्येकाला आजच केळी कापून गाडीत भरायची असते, गाड्या तेवढ्याच असतात आणि भाडं तासातासाला चढतं. उपमा चांगली आहे, पण एका ठिकाणी ती तुटते. वाढलेलं भाडं गाडीवाल्याला मिळतं. बेस फी कोणालाच मिळत नाही, ती जाळली जाते, म्हणजे तेवढं ईथर कायमचं चलनातून जातं. ब्लॉक बनवणाऱ्याला मिळते फक्त टिप.

असं का, तर बेस फी ब्लॉक बनवणाऱ्याच्या खिशात गेली असती तर त्याने स्वतःचेच खोटे व्यवहार भरून ब्लॉक फुगवले असते. दिलेली फी त्याच्याचकडे परत, आणि पुढच्या ब्लॉकचा भाव मात्र 12.5 टक्के वर. जाळल्यामुळे खोटी गर्दी करायला खऱ्या पैशांचा खर्च येतो.

15 मे

चढण कळली. पण उतरण चढणीसारखी नाही, आणि आजचा दिवस त्यातच गेला. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वात समजून घेण्यासारखा भाग हाच आहे.

सूत्र पाहिलं तर दोन्हीकडे 12.5 टक्केच आहेत. मग 210.9 वरून 20 पर्यंत यायला 18 रिकामे ब्लॉक पुरतात, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आसपास. पण गर्दी ओसरली म्हणून साखळी रिकामी पडत नाही. लोकांचे रोजचे व्यवहार चालूच असतात. समजा गर्दीनंतर ब्लॉक मर्यादेच्या 40 टक्के भरतात, म्हणजे लक्ष्याच्या 80 टक्के. तर प्रत्येक ब्लॉकला भाव फक्त अडीच टक्के उतरतो. 20 ग्वेईवर यायला सुमारे 93 ब्लॉक लागतात, साडेअठरा मिनिटं. चढायला चार मिनिटं आणि उतरायला साडेअठरा.

दुसरं कारण रांगेचं. भाव 210 वर असताना कितीतरी जण आपली कमाल तयारी 100 ग्वेईची लिहून बसलेले असतात. त्यांचे व्यवहार मरत नाहीत, मेमपूलमध्ये, म्हणजे नोडच्या प्रतीक्षा-यादीत, थांबतात. हे पायथॉनमध्ये असं मांडलं: बाकी वर्दळ शून्य, रांगेत 30 मोठे व्यवहार, प्रत्येकाला 1 कोटी गॅस, प्रत्येकाची कमाल मर्यादा 100 ग्वेई. एका ब्लॉकमध्ये तिघे मावतात.

210.9 वरून सहा रिकामे ब्लॉक गेल्यावर भाव 94.7 झाला. लगेच तिघे आत आले, ब्लॉक पूर्ण भरला, भाव 106.5. आता कोणालाच परवडत नाही, ब्लॉक रिकामा, भाव 93.2. परत तिघे आत, 104.8. परत रिकामा. असं करत करत भाव 89 आणि 112 च्या मध्ये 18 ब्लॉक झुलत राहिला, रांग संपेपर्यंत. परवा काढलेला तो दीड टक्का इथे दिसतो. प्रत्येक जोडीला भाव थोडा खाली घसरत होता आणि एकदा 99.98 वर आल्याने लागोपाठ दोन ब्लॉक भरले.

रांग संपल्यावर 20 पर्यंत यायला आणखी 13 ब्लॉक. एकूण 37, म्हणजे रांग नसती तर लागले असते त्याच्या दुपटीहून जास्त. थांबलेले लोक भावाला खालून टेकू देतात. भाव उतरला की तेच आत येतात आणि त्यांच्या येण्यानेच तो परत चढतो. खऱ्या रांगेत सगळ्यांची मर्यादा 100 नसते. कोणाची 80, कोणाची 60, कोणाची 45. त्यामुळे एका पायरीवर अडकण्याऐवजी भाव प्रत्येक पायरीवर थोडा थोडा अडकत उतरतो.

गर्दी गेली हे ओळखायचं कसं, याचं उत्तरही इथेच मिळालं. नुसती बेस फी उतरताना दिसली तर घाई करू नये. शेवटच्या वीसेक ब्लॉकचा `gasUsedRatio` पाहावा. तो भरलेला-रिकामा असा उड्या मारत असेल तर मागे रांग आहे. शांतपणे अर्ध्याच्या खाली राहिला तर रांग विरली.

18 मे

आबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एक नेमका प्रश्न विचारला: "पण लोक भाव वाढल्यावर थांबत का नाहीत?"

बहुतेक थांबतात, आणि म्हणूनच भाव कुठेतरी टेकतो. बेस फी चढत जाते ती जागा मागणारे लक्ष्याइतके उरेपर्यंतच. पण काहींना थांबून चालत नाही. बाजार कोसळताना ज्याचं तारण विकलं जाणार आहे त्याला दोन मिनिटांच्या आत भर घालायची असते. त्याला 90 रुपये आणि 900 रुपये सारखेच.

याचं सर्वात ठळक उदाहरण मी त्यांना दिलं. 30 एप्रिल 2022 ला युगा लॅब्जने त्यांच्या अदरसाइड या आभासी जगातल्या 55,000 भूखंडांची विक्री काढली. प्रत्येक भूखंडाचा भाव ठरलेला होता, 305 एपकॉइन. घेणारे मालापेक्षा खूप जास्त. आता भाव ठरलेला असेल तर जास्त बोली लावून पुढे जाता येत नाही, म्हणून सगळी बोली फीमध्ये गेली. बेस फी हजारो ग्वेईंवर पोहोचली. आपलंच सूत्र लावलं तर 50 वरून 5,000 ग्वेईवर जायला 40 भरलेले ब्लॉक पुरतात. त्या रात्री भूखंडाशी काही संबंध नसलेल्या, साधे पैसे पाठवणाऱ्या माणसालाही तोच भाव होता, कारण बेस फी सगळ्यांना एकच.

त्यातले पुष्कळ व्यवहार फसले, माल संपला होता, आणि तरीही फी गेली. गॅस हा केलेल्या कामाचा आहे. काम करून नकार मिळाला तरी काम झालेलंच असतं.

आबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपली वेळ आपणच निवडायची."

22 मे

सेपोलिया या चाचणी-साखळीवर आठवडाभर रोज रात्री 8 ला रूट पाठवते आहे. तिथे ईथरला किंमत नाही, पण बेस फीचं सूत्र तेच आहे. आज पाहिलं तर 19 तारखेपासून एकही नोंद गेलेली नाही.

`eth_getTransactionCount` ला `latest` विचारलं तर 41, `pending` विचारलं तर 44. म्हणजे तीन व्यवहार नोडकडे पडून आहेत आणि साखळीवर गेलेले नाहीत. व्यवहार अडकला आहे हे ओळखायची मला सापडलेली सर्वात सोपी खूण हीच.

कारण असं. व्यवहारात दोन आकडे लिहायचे असतात. `maxFeePerGas` म्हणजे बेस फी आणि टिप मिळून एका गॅसमागे मी जास्तीत जास्त किती देईन, आणि `maxPriorityFeePerGas` म्हणजे त्यातली टिप किती. मी पहिला आकडा "आत्ताची बेस फी अधिक 10 टक्के" असा ठेवला होता. वाटलं होतं, 10 टक्के सवड पुष्कळ झाली. पण एकच ब्लॉक पूर्ण भरला तर भाव 12.5 टक्के चढतो. माझी सवड एका ब्लॉकलाही पुरणारी नव्हती. 19 तारखेला नेमकं तेच झालं आणि भाव परत तेवढा खाली आला नाही.

मागचे दोन व्यवहार तर विनाकारण अडकले. त्यांची मर्यादा त्या त्या दिवशीच्या भावाला पुरेशी होती. पण एका खात्याचे व्यवहार नोन्सच्या, म्हणजे त्या खात्यातल्या व्यवहाराच्या अनुक्रमांकाच्या, क्रमानेच जातात. 41 जात नाही तोवर 42 आणि 43 ला दार बंद.

उपाय म्हणून त्याच नोन्सने, जास्त फी लिहून व्यवहार परत पाठवला. उत्तर आलं:

```
replacement transaction underpriced
```

मर्यादा तर मी दुप्पट केली होती. वाचल्यावर कळलं की गेथ हे नोडचं सॉफ्टवेअर जुन्याच्या जागी नवा व्यवहार घेताना दोन्ही आकडे किमान 10 टक्क्यांनी वाढलेले मागतं. मी टिप तशीच ठेवली होती. टिपही वाढवली, पहिला व्यवहार गेला आणि त्याच्या मागोमाग बाकीचे दोन.

24 मे

आता सवड किती ठेवायची. वॉलेटांमध्ये रूढ पद्धत आहे: बेस फीच्या दुप्पट अधिक टिप. 1.125 चा पाचवा घात 1.80 आणि सहावा 2.03. म्हणजे ही मर्यादा सलग पाच भरलेल्या ब्लॉकांनंतरही पुरते, सहाव्यानंतर थोडक्यात हुकते. मला हे पटलं, कारण आकडा नुसता गोल नाही, सूत्रातून आलेला आहे.

मावसभाऊ काटा सांभाळतो आणि हे सगळं तोच पुढे चालवणार आहे. त्याची शंका होती की मर्यादा दुप्पट लिहिली तर पैसे दुप्पट जातील. तसं होत नाही. ज्या ब्लॉकमध्ये व्यवहार बसेल त्याची बेस फी आणि टिप एवढंच कापलं जातं, वरचं आपल्याच खात्यात राहतं. फक्त खात्यात तेवढी शिल्लक दाखवावी लागते. हे मी काट्याजवळच्या फळ्यावर लिहून ठेवलं.

28 मे, रावेर

वेळ बदलली. रात्री 8 म्हणजे न्यूयॉर्कची सकाळ आणि युरोपची दुपार, दोन्हीकडची कामाची वेळ. साखळीवर गर्दी व्हायला हीच वेळ सोयीची. आमचा काटा संध्याकाळी 7 ला बंद होतो आणि पहिला हिशेब दुसऱ्या दिवशी 10 नंतर होतो. मधले पंधरा तास आमच्याकडे आहेत आणि ते न वापरता मी सर्वात महाग तास निवडला होता. आता पाठवण्याची वेळ सकाळी 6. तेव्हा अमेरिकेत रात्र होत असते आणि युरोप झोपलेला असतो. रोज स्वस्तच मिळेल असं नाही, कल तसा असतो एवढंच.

रोलअपवर, म्हणजे मुख्य साखळीच्या वर चालणाऱ्या आणि पुष्कळ व्यवहार एकत्र करून तिच्यावर नोंदवणाऱ्या थरावर, का जात नाही असं एका संचालकांनी विचारलं. तिथे फी खूप कमी असते हे खरं. पण दिवसाला एकच नोंद असल्याने आमची बचत थोडी, आणि मावसभावाला आणखी एक थर समजावून द्यावा लागेल. सध्या मुख्य साखळीच.

2 जून

प्रोग्रामचा नियम ठरला. सकाळी 6 पासून दर मिनिटाला पुढच्या ब्लॉकची बेस फी पाहायची. 20 ग्वेईच्या आत असेल तर पाठवायचं. नसेल तर थांबायचं, पण साडेनऊनंतर थांबायचं नाही, तेव्हा जो भाव असेल त्याने पाठवायचं. फक्त तेव्हाही भाव 100 ग्वेईच्या वर असेल तर नोंद दुसऱ्या दिवसाच्या रूटमध्ये सामील करायची आणि तसं पावतीवर लिहायचं.

ही शेवटची अट आबांनी आग्रहाने घालून घेतली. माझं म्हणणं होतं की रोजची नोंद रोज जावी, नाहीतर विश्वासाला तडा जाईल. त्यांचं म्हणणं, शेतकऱ्याला एक दिवस उशीर समजतो, पण 60 पावत्यांसाठी दीड-दोन हजार का गेले हे वार्षिक सभेत समजावता येणार नाही. विचार केल्यावर त्यांचंच बरोबर वाटलं. अंदाजपत्रकात दिवसाला 92 रुपये धरले आणि वर्षातले 20 दिवस साडेचारशेचे. 100 ग्वेईला 23,000 गॅसचे 460 होतात, त्यावरून.

6 जून

काल वादळाने यावलच्या बाजूला बागा आडव्या झाल्या. काट्यावर रात्री अकरापर्यंत गाड्या होत्या, 143 पावत्या झाल्या. कोणालाच झोप नाही.

सकाळी 6 ला रूट तयार झाला. पावत्या दुपटीहून जास्त, तरी रूट 32 बाइटचाच आणि गॅस तेवढाच. फरक फक्त तपासणीच्या ठशांत: 60 पावत्यांना सहा लागायचे, 143 ना आठ. बेस फी आमच्या मर्यादेच्या आत होती. पहिल्याच ब्लॉकमध्ये नोंद बसली, कापले गेले ते मर्यादेपेक्षा कमीच.

सातला आबांचा फोन आला. बागांचं विचारतील वाटलं, त्यांनी आधी विचारलं, "कालच्या सगळ्या पावत्या गेल्या का?" पडलेल्या बागेच्या मालाचं वजन आणि घट यावरच आता सर्वात जास्त वाद होणार आहेत. गेल्या, असं सांगितलं. उरलेलं काम: आठ ठशांची पावती छापताना कागद पुरत नाही, अक्षर लहान करायचं किंवा मागच्या बाजूला छापायचं, हे मावसभाऊ उद्या बघेल.